आधी कोपर मोजा, मग गुडघे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला 'बैठे काम आणि पाठदुखी' हा लेख वाचून राहवले नाही. 'पाय जमिनीला टेकतील, गुडघे काटकोनात येतील एवढी खुर्ची ठेवा' असे लेखात ठामपणे लिहिले आहे. याच सल्ल्याने माझा उजवा खांदा चार महिने दुखला.

माझी उंची पाच फूट. अलकापुरीतल्या आमच्या कार्यालयात गेल्या वर्षी तपासणीला आलेल्या गृहस्थांनी माझे पाय टेकवून खुर्चीची बैठक ४१ सेंटीमीटरवर आणली, कागदावर 'योग्य' लिहिले आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले. टेबल कोणी मोजलेच नाही. पंधरा दिवसांत मानेपासून खांद्यापर्यंत ठणका सुरू झाला.

माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे. तिने मला खांदे सैल सोडून कोपर काटकोनात धरायला लावले आणि कोपराखालून जमिनीपर्यंत टेप धरली. ६३ भरले. टेबल ७५. म्हणजे बारा सेंटीमीटर वर टंकायचे म्हणून मी दिवसभर खांदे उचलून बसत होते! टेबल खाली घेता येत नव्हते, म्हणून तिने खुर्ची बारा सेंटीमीटर वर घेतली. पाय लोंबकळले, तेव्हा घरातला तेवढ्याच उंचीचा चौरंग पायाखाली ठेवला. नुसती खुर्ची वर घेतली असती तर बैठकीची कड मांडीखाली रुतून पायांना मुंग्या आल्या असत्या.

पडद्याची उंची ठरवायची ती यानंतर, कारण खुर्ची बारा सेंटीमीटर चढली की डोळेही तेवढेच चढतात. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत असावी, हे लेखात बरोबर आहे. पण प्रोग्रेसिव्ह चष्मा लावणाऱ्यांचे काय? आम्ही जवळचे वाचतो ते काचेच्या खालच्या भागातून. पडदा उंच असला की हनुवटी वर करून वाचावे लागते आणि मान मागे दुमडते. माझ्या पडद्याखाली त्या गृहस्थांनी ठेवलेले दोन फायलींचे खोके काढल्यावर मानेचे दुखणे आठवडाभरात उतरले.

आणखी एक. दर दोन तासांनी पंधरा मिनिटे फिरून या, असा सल्ला देणाऱ्याने मार्चअखेर हिशेबाच्या खात्यात एक दिवस काढून पाहावा. तशी सुट्टी आम्हाला मिळत नाही, आणि तोवर दोन तास स्नायू एकाच ताणात आखडलेले असतात. दर वीस-पंचवीस मिनिटांनी अर्धा मिनिट हात खाली सोडणे, खिडकीबाहेर लांब पाहणे, एकदा उठून बसणे हे मला जमते. दुखायला लागल्यावर नाही, आधीच उठायचे. मी मोबाइलवर गजर लावला आहे.

टेबल न मोजता खुर्ची ठरवू नका, एवढी दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपली,
एक लेखापाल
दांडिया बाजार, वडोदरा