रेंकोजीच्या अस्थींची तपासणी आता तरी करा

मा. संपादक, यांस,
स.न.वि.वि.

२३ जानेवारी जवळ आली की नेताजींच्या मृत्यूची चर्चा नव्याने सुरू होते. आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरातही ‘विमान अपघात झालाच नाही’ आणि ‘तैवानच्या नोंदवहीत त्यांचे नावच नाही’ ही दोन वाक्ये दरवर्षी वाचायला मिळतात. माझी सगळी नोकरी जन्म-मृत्यू नोंदणीच्या कामात गेली. त्यामुळे या नोंदवहीबद्दल आणि टोकियोच्या रेंकोजी मंदिरात ठेवलेल्या, नेताजींच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या अस्थींबद्दल चार शब्द लिहावेसे वाटतात.

जून १९४० मध्ये फॉरवर्ड ब्लॉकचे पहिले अखिल भारतीय अधिवेशन आपल्या नागपुरातच भरले होते. त्यानंतर जुलैच्या सुरुवातीलाच नेताजींना कलकत्त्यात अटक झाली आणि जानेवारी १९४१ मध्ये ते देशाबाहेर निसटले. पुढे ते परत आलेच नाहीत. १७ ऑगस्ट १९४५ रोजी त्यांनी सायगाव सोडले, रात्री तुरान, म्हणजे आजच्या व्हिएतनाममधील दा नांग येथे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तैहोकू, म्हणजे आजच्या तैपेईच्या धावपट्टीवरून उडताच त्यांचे जपानी लष्करी विमान कोसळले. सोबतचे जपानी जनरल शिदेई जागीच ठार झाले. पेट्रोलने भिजलेले नेताजी आगीतून बाहेर पडले. त्यांना लष्करी रुग्णालयात नेण्यात आले आणि त्याच रात्री तिथे त्यांचा मृत्यू झाला, असे त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर योशिमी, सोबत असलेले आझाद हिंद सेनेचे कर्नल हबीबुर रहमान आणि अपघातातून वाचलेले जपानी अधिकारी यांनी सांगितले. सरकारने चौकशीसाठी नेमलेली १९५६ ची शाहनवाज समिती आणि नंतरचा खोसला आयोग यांनी ते मान्य केले. समितीतले एक सदस्य, नेताजींचे थोरले बंधू सुरेशचंद्र, यांनी मात्र असहमती नोंदवली. २००५ मध्ये मुखर्जी आयोगाने अपघातच नाकारला, पण केंद्र सरकारने तो निष्कर्ष स्वीकारला नाही.

आता त्या नोंदवहीकडे येतो. तैपेईच्या कागदांत ‘इचिरो ओकुरा’ या नावाने एका दहनाची नोंद आहे. नेताजींचे नाव लपवण्यासाठी जपान्यांनी हे खोटे नाव लिहिले, असे एक पक्ष सांगतो. दुसरा पक्ष म्हणतो, हा तर वेगळाच सैनिक, म्हणजे नेताजी तिथे मेलेच नाहीत. नोंदणीच्या कामात आम्ही नावाआधी तारीख, वय आणि कारण जुळतात का ते पाहतो, कारण नाव सांगणारा चुकू शकतो, मुद्दाम खोटेही सांगू शकतो. ओकुराचा मृत्यू १९ ऑगस्टला हृदयविकाराने झाल्याचे लिहिले आहे. नेताजी १८ च्या रात्री भाजून गेले. मग ही नोंद त्यांची मानायला आधार उरत नाही. ती बाजूला ठेवली म्हणून त्यांचा मृत्यू खोटाही ठरत नाही. पडलेले राज्य, शरण गेलेले सैन्य आणि त्या गर्दीत परक्या देशाचा नेता गेला, तर त्याची नोंद कोणीच केली नसेल हे अगदी संभवते. शांततेच्या काळातही सुटलेल्या नोंदी मी पाहिल्या आहेत.

‘तैवान सरकारने अपघाताची नोंद नाही असे कळवले’ हा युक्तिवादही असाच तपासायला हवा. ऑगस्ट १९४५ मध्ये तिथला कारभार जपानी लष्कराच्या हाती होता. चीनच्या प्रजासत्ताकाने बेटाचा ताबा घेतला २५ ऑक्टोबर १९४५ ला. जे सरकार त्या दिवशी तिथे नव्हते, त्याच्या दप्तरात त्या दिवसाची नोंद नसणे यावरून काय सिद्ध होणार? साक्षीदारांच्या जबानीत मृत्यूच्या वेळेबद्दल फरक आहेत, हे खरे. पण घरातल्या माणसाच्या मृत्यूची वेळ नोंदवायला आलेले दोन सख्खे भाऊही वेगवेगळे तास सांगतात. जागा, दिवस, डॉक्टर आणि भाजण्याचे कारण यांवर साक्षी एकमेकींना धरून आहेत, आणि मला ते महत्त्वाचे वाटते.

तैहोकूत दहन झाले आणि अस्थी सप्टेंबरच्या सुरुवातीला टोकियोला पोचल्या. तिथल्या इंडियन इंडिपेन्डन्स लीगचे राममूर्ती आणि एस. ए. अय्यर यांच्याकडे त्या देण्यात आल्या. १८ सप्टेंबर १९४५ पासून त्या रेंकोजी या छोट्या बौद्ध मंदिरात आहेत. नेहरू, राजेंद्रप्रसाद, इंदिराजी, वाजपेयी असे आपले नेते तिथे जाऊन आले. मंदिराने अस्थी आजवर जपल्या, पण त्या कोणाच्या हे आपण कधी तपासून घेतले नाही.

मुखर्जी आयोगाने डीएनए तपासणीचा विचार केला होता. मंदिराकडून तयारी नाही, असा अहवालाचा सूर होता. पण मंदिराच्या प्रमुखांचे मूळ जपानी पत्र अहवालाला जोडलेले होते, आणि काही वर्षांपूर्वी त्याचे नव्याने भाषांतर झाले तेव्हा पत्रात तपासणीला संमती असल्याचे दिसले. तो भाग आधीच्या इंग्रजी भाषांतरात आलाच नव्हता. एवढा मोठा प्रश्न आणि एक पत्र नीट वाचले गेले नाही, याची मला फार खंत वाटते. काही लोक ज्यांना नेताजी मानत, त्या फैजाबादच्या गुमनामी बाबांच्या दातांची तपासणी याच आयोगाने करून घेतली होती. बोस कुटुंबीयांच्या नमुन्यांशी ते जुळले नाहीत. म्हणजे कुटुंबाचे नमुने घेऊन तुलना करण्याची वाट तेव्हाच मोकळी झाली होती.

तपासणीचा निकाल लागेलच, असे मी म्हणत नाही. आगीत हाडातला डीएनए तुटत जातो आणि फार तापलेल्या, पांढऱ्याफटक पडलेल्या हाडातून सहसा काही मिळत नाही. पण दहनात सगळा देह सारखा तापत नाही, आणि जपानात हाडे भुकटी न करता तुकड्यांत वेचून ठेवतात. दाताचे मूळ किंवा कानाच्या आतल्या भागाभोवतीचे कठीण हाड वाचले असेल तर आशा आहे. तुलना कोणाशी करायची हेही आधी ठरवावे लागेल. पेशीतला मूळ डीएनए थोडाफार मिळाला तर कन्या अनिता यांचा नमुना सर्वांत उपयोगी, कारण अर्धा त्यांना वडिलांकडून आलेला असतो. जळलेल्या हाडात मात्र मायटोकाँड्रियाचा डीएनए जास्त टिकतो, आणि तो फक्त आईकडून येतो. त्यासाठी अनिता यांचा उपयोग नाही. नेताजींच्या बहिणींच्या मुलींची, नातींची रांग लागते. भावांच्या मुलांकडून पुरुषाकडून पुरुषाकडे जाणारा डीएनए ताडता येईल. काहीच मिळाले नाही तर ‘ठरवता आले नाही’ असे स्पष्ट लिहायचे. ‘अस्थी त्यांच्या नाहीत’ असा अर्थ कोणीही काढू नये.

अनिताबाईंचा जन्म १९४२ चा. त्यांनी स्वतः वारंवार तपासणीची मागणी केली आहे. त्यांचे आणि नात्यातील वडीलधाऱ्यांचे नमुने आज घेऊन ठेवणे परराष्ट्र मंत्रालयाला सहज शक्य आहे. अस्थींची तपासणी नंतर झाली तरी चालेल. विदर्भातील खासदारांनी येत्या अधिवेशनात एवढा एकच प्रश्न विचारावा: मंदिराची संमती कागदावर असताना सरकारने जपानकडे रीतसर विनंती केली आहे का, आणि केली असेल तर कोणत्या तारखेला?

आपला,
एक निवृत्त नोंदणी कर्मचारी
धंतोली, नागपूर