आजी-आजोबांचं गाणं आणि तुझा ट्रॅक

प्रिय चिन्मय,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला ट्रॅक काल रात्री दोनदा ऐकला आणि आज सकाळी परत एकदा हेडफोन लावून ऐकला. छान झालाय रे, बाबांनी पण मान डोलावली, पण मी ज्या वृद्धाश्रमात आजी-आजोबांचं गाणं घेते तिथे तो चालायचा नाही. फोनवर तू मीटिंगमध्ये असतोस आणि माझं अर्धं राहून जातं, म्हणून सगळं लिहूनच पाठवते, निवांत वाच.

आधी लय बघू. तू ठेवलीयेस 96, मला हवीय 60, घड्याळाच्या सेकंदाएवढी. तुला ते रडगाणं वाटेल, पण तिथली बरीच मंडळी 85 च्या आसपासची आहेत, त्यांचा श्वास चार मात्रांत संपतो. त्यामुळे चार मात्रा गायचं आणि चार मात्रा नुसती पेटी धरून ठेवायची असं बसवलंय. त्या रिकाम्या चार मात्रांत एक जण श्वास घेतो, दुसरी आजी मागे राहिलेला शब्द पुरा करते, तिसऱ्याला आत्ता कुठे कळतं की काय चाललंय आणि तो पुढच्या ओळीला येऊन मिळतो. तू त्या जागा बासरीने भरल्यास. बासरी काढ बाबा.

पट्टी पण बदल. तू काळी एक धरून अंतरा वरच्या सा पर्यंत नेलास, तिथे माझाच आवाज चिरकतो तर त्यांचं काय. वय झालं की बायकांचा आवाज खाली उतरतो, वरचे सूर आधी जातात, आणि ओढून गायला लागलं की माणूस ओशाळून गप्प बसतो, परत तोंड उघडत नाही. सा काळी पाचला ठेव, तुझ्या लॅपटॉपवर A#3, आणि चाल खालच्या नी पासून प पर्यंतच फिरव. आजोबा लोक आपोआप एक सप्तक खाली गातात, त्यांना ही पट्टी बरोबर बसते. झांजा नकोत, कानातल्या मशीनमधून त्या टोचतात म्हणे. उतारवयात कानाचा वरचा आवाज आधी जातो, म्हणून बारीक किणकिण घालून उपयोगही नाही. तानपुरा, पेटी आणि दर चार मात्रांना डग्ग्याचा एक ठोका, पुरे.

आता तुझा प्रश्न, की तयार जुनी गाणी असताना ही नवी ओवी कशाला. जुनी गाणी आम्ही गातोच, पण त्यात ज्याला शब्द येतात तो पुढे आणि ज्याचे विसरलेत तो मागे असं होतं, आणि ज्याचे विसरलेत त्याला ते बरोब्बर कळतं. नव्या गाण्यात कुणालाच शब्द येत नाहीत, सगळे एका रांगेत. फक्त चाल अंगातली पाहिजे, म्हणून जात्यावरच्या ओवीचा साचा घेतला, तीन ओळी यमकाच्या आणि चौथी अर्धी. तिथल्या बहुतेक बायकांनी पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या ही चाल ऐकलेली आहे, काहींनी स्वतः दळलंय. पहिली ओवी तुझ्याकडे आहेच, तरी परत लिहिते कारण मी एक शब्द काढलाय:

सर पावसाची आली
... सारी चिंब झाली
घागर ठेवली खाली
पन्हळीच्या

दुसऱ्या ओळीत आधी 'कौलं' होतं. पण कौलं म्हणजे आपल्या सातारा-वाईकडचं नि कोकणातलं घर झालं. सोलापूरकडचे आजोबा म्हणाले आमचं माळवद, एका आजींचं गवताचं छप्पर, एक जण मुंबईत चाळीत वाढलेले त्यांचा पत्रा. म्हणून तिथे जागा मोकळी सोडली, पेटी सा वर थांबते आणि ज्याचं जे असेल ते तो म्हणतो, मग सगळे तेच गातात. माळवद म्हटलं की 'सारं चिंब झालं' करावं लागतं आणि यमक मोडतं, मोडू दे. एका ओवीत चार घरं होतात आणि प्रत्येक घराला बोलायला काहीतरी असतं, गळती कुठे होती, भांडी कुठे मांडायचो, रात्री कोण उठायचं. हे मी 'आठवतंय का?' असं विचारून कधीच काढत नाही हं. त्या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर सोपं असतं आणि ते द्यायला लागलं की माणूस खचतो. मी विचारते, 'तुमच्याकडे पाऊस कशावर वाजायचा?' याला चूक उत्तर नाही.

ओव्यांत कुठली चित्रं घ्यायची हे ठरवताना मात्र फार बोलत बसले होते सगळ्यांशी. मला वाटलेलं आड घेऊ, रहाटाचा आवाज पण सुंदर मिळाला असता. तर एक आजी शांतपणे म्हणाल्या, आमच्या वाट्याला कुठला आड, कुणी वरून ओतलं तर ओंजळीत घ्यायचं. त्यानंतर आड घ्यायचा प्रश्नच नव्हता. पाटी-पेन्सिलही सोडली कारण पाच-सहा जणी शाळेत गेल्याच नाहीत. लहानपण म्हणजे सगळ्यांचं गोड असं धरून चालता येत नाही.

तू मागे टीव्हीचा नि कॅसेटचा आवाज घालू का म्हणालास. हिशोब कर ना, आज 85 चा माणूस 1940 च्या सुमारास जन्मला, त्याचं खेळायचं वय 1945 ते 52. मुंबईचं दूरदर्शन 1972 ला आलं, तेव्हा ह्यांना स्वतःची पोरं झाली होती. कॅसेट तर माझ्या तरुणपणातली. म्हणून मी घेतला भोकाचा पैसा. आजोबांच्या, म्हणजे माझ्या बाबांच्या, अडकित्त्याच्या डबीत एक सापडला, 1944 चा. हे नाणं 1943 ते 47 एवढंच पाडलं गेलं, आणि 1957 च्या एप्रिलात नवे पैसे आल्यावर जुना हिशोबच गेला, चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. ओवी अशी:

भोकाचा हा एक पैसा
मुठीत जपला कैसा
जत्रेत मी राजा जैसा
मिरवीतो

बायका 'राणी जैसी' म्हणतात, परत यमक गेलं. ओवीच्या आधी तो पैसा हातोहात फिरवते, घाई न करता. एक आजोबा आहेत, पॅरॅलिसिसनंतर त्यांना बोलता येत नाही, 'हां हां' एवढंच. त्यांनी तो पैसा अंगठ्याने चाचपला, भोकात करंगळीचं टोक घालून बघितलं, आणि तिसऱ्या फेरीला 'मिरवीतो' स्पष्ट म्हणाले. ड्यूटीवरची सिस्टर माझ्याकडे बघायला लागली. असं होतं, बोलणं अडलेल्या माणसाला कधी कधी गाण्यातला शब्द येतो, मेंदूत दोन्हीच्या वाटा थोड्या वेगळ्या असतात असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. पण त्याच आजोबांना नंतर 'चहा' म्हणता आलं नाही. त्यांच्या मुलाला हे मी आधीच सांगून ठेवलंय, नाहीतर तो आशा लावून बसेल.

तिसरी ओवी कंदिलाची, ती सगळ्यात चालते कारण तिला हातवारा आहे:

कंदिलाची काच पुसू
ओट्यावरी सारी बसू
गोष्टीमधी गाली हसू
आजीसंगे

काच पुसायचं काम पोरांकडेच असायचं कारण लहान हात काचेच्या आत जातो, मोठ्यांचा अडकतो. हे मला माहीत नव्हतं, एका आजींनी मूठ वळवून दाखवलं, चिमूटभर राख आणि मऊ फडकं, आतून गोल गोल. आता सगळे गाताना तसाच हात फिरवतात. ज्या आजींना स्मृतिभ्रंश आहे, रोज मला नवीन बाई समजतात, त्यांचा हात सगळ्यात बरोबर फिरतो. म्हणून त्या ओळीखाली चाल अगदी सपाट ठेव, सा रे सा, लक्ष हाताकडे राहू दे.

एकदाच्या बैठकीला या तीनच ओव्या, जास्त नाही. एक ओवी साधारण 40 सेकंदांची, दोन-चारदा म्हणायची, बाकी सगळा वेळ गप्पा, एकूण अर्धा तास. सकाळी अकराला, आंघोळी-नाश्ता झाल्यावर. दिवेलागणीला स्मृतिभ्रंशाची माणसं बेचैन होतात, घरी जायचंय म्हणून उठतात, तेव्हा घराची गाणी गाणं म्हणजे आगीत तेल. पंखा बंद, कुकर लागायच्या आत, आणि स्पीकर समोर कानाच्या उंचीला, मागे नाही, मागून आवाज आला की ती दचकतात. चिंचा-बोरं वाटायची फार हौस होती मला, पण तिघांना गिळायचा त्रास आहे, त्यामुळे चिंच फक्त वासाला फिरवते, वाटीत.

चाललंय की नाही हे मी तोंडाकडे बघून ठरवत नाही, पायाकडे बघते. अंगठा हलत असेल, खुर्चीच्या हातावर बोटं पडत असतील तर ते गातायत. बोटं थांबली की मी फार घाईत चालले असं समजते. आणि कुणी पदर ओढायला लागलं, कडा चाळवायला लागलं तर ती ओवी तिथेच सोडून 'या बसा, या बसा' या ध्रुवपदावर येते, ते तीन सुरांचं आहे आणि त्यात कुठलीच आठवण नाही. रडू आलं तर तो प्रकार वेगळा. पावसाच्या ओवीला एक आजोबा रडले, घर वाहून गेलं होतं त्यांचं. त्यांना गप्प केलं नाही, शेजारच्या आजींनी हात धरला, मी सा धरून बसले, मग त्यांनीच पुढे सांगितलं की म्हैस वाचली होती. म्हशीचं नाव पण सांगितलं. सगळे हसले.

आठवणी काढण्याला कुणी थेरपी म्हणतं, बटलर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने 1963 मध्येच लिहिलंय की म्हातारी माणसं मागचं बोलतात ती चूक नव्हे, ते आयुष्याचा हिशोब लावत असतात. ठीक आहे. पण गाण्याने विसरणं थांबत नाही, मंगळवारी छान गायलेली आजी बुधवारी मला ओळखत नाही. अर्धा तास बरा जातो, त्या दिवशी जेवण थोडं जास्त जातं असं तिथल्या कामाच्या मावशी सांगतात, माझ्यासाठी तेवढं बास आहे.

तर मला दोन फाईली दे. एक नुसता तानपुरा आणि डग्गा, बिनशेवटाची, पेटी मी स्वतः वाजवते म्हणजे कुणासाठी थांबायचं तर थांबता येतं. दुसरी पूर्ण, ती मी नसेन तेव्हा मावशी लावतील, तिच्यात प्रत्येक अर्ध्या ओळीआधी आठ मात्रा मोकळ्या सोड आणि 'पन्हळीच्या', 'मिरवीतो', 'आजीसंगे' हे शब्द तू गाऊ नकोस, ते त्यांचे आहेत. गायचा आवाज मात्र तुझाच ठेव, नाटकी करू नकोस, आणि शब्द जरा ठसठशीत म्हण. व्हॉट्सॅपवर पाठवू नकोस, ड्राइव्हवर टाक. सोमवारी रात्रीपर्यंत आली तर मंगळवारी लावून बघते. आणि तो भोकाचा पैसा तुला हवा होता ना, तो आता मिळायचा नाही, ते 'हां हां'वाले आजोबा दर वेळी आधी तोच मागतात.

तुझी,
आई