दुसरीच्या मुलांना जलचक्र शिकवताना

प्रिय मित्रा,

दुसरीच्या वर्गाला जलचक्र कसं शिकवू, असं तू विचारलंस. माझं ऐकशील तर बाणांची आकृती शेवटी काढ. ढग नि पाऊस मुलांनी पाहिलेलेच असतात. अडतं ते वर जाणाऱ्या पाण्यापाशी, कारण ते दिसत नाही. तिथेच जास्त दिवस दे.

सोमवारी काचेच्या दोन सारख्या बरण्यांत सारखंच पाणी घाल, पातळीवर पट्टी चिकटव आणि एकीला घट्ट झाकण लाव. दोन्ही खिडकीत शेजारी ठेव. रोज एका मुलाने नवी खूण करायची. शुक्रवारपर्यंत उघड्या बरणीतलं पाणी खाली गेलेलं दिसेल. मग विचार, "पाणी गेलं कुठे?" कुणी म्हणेल संपलं, कुणी म्हणेल बरणीने पिऊन टाकलं. लगेच दुरुस्त करू नकोस. झाकणाची बरणी पुढे कर. काच तर तीच, मग हिने का नाही प्यायलं? हिच्या आतल्या बाजूला थेंबही दिसतील. पाणी वरच्या वाटेने जातं, हे मुलं स्वतःच बोलून दाखवतात.

त्यानंतर प्रतिकृती. पसरट भांड्यात दोन बोटं कोमट पाणी घेऊन त्यात खायचा निळा रंग मिसळ. मधोमध जड, रिकामी वाटी ठेव. हलकी वाटी तरंगते आणि सगळं फसतं. वरून पारदर्शक प्लास्टिक ताणून कडेने दोऱ्याने बांध, वाटीच्या बरोबर वर एक खडा ठेव आणि भांडं उन्हात ठेव. ऊन नसेल तर प्लास्टिकवर बर्फाचे तुकडे ठेवूनही काम होतं. एक-दोन तासांत प्लास्टिकच्या आतून थेंब जमतात, खड्याकडे ओघळतात आणि वाटीत पडतात. वाटीतलं पाणी रंगहीन असतं, म्हणजे रंग खालीच राहिला आणि पाणी तेवढं वर गेलं. वाटीत निळसर झाक दिसली, तर भांडं हलवताना शिंतोडा उडाला असं समज आणि पुन्हा लाव. थेंबच धरले नाहीत, तर कडेची फट शोध.

एक मात्र मुलांना नक्की सांग: आकाशाला असं झाकण नसतं. वर गेलेली हवा गार होते, म्हणून बाष्पाचे बारीक थेंब होतात, आणि ढग म्हणजे तेच थेंब. हे राहून गेलं तर मुलं ढगाला वाफेची पिशवी समजतात.

गाणं मी असं जुळवलंय:

ऊन तापलं, पाणी निघालं,
दिसेना कुणाला, वर वर गेलं,
गार गार होऊन थेंब झालं,
सरसर सरसर खाली आलं.

"दिसेना" म्हणताना मुठी उघडून रिकामे तळवे दाखवायचे. इथे मुलं हौसेने बोटांचे थेंब नाचवतात, ते थांबव. बोटं तिसऱ्या ओळीतच येऊ देत. गाणं बरण्यांच्या आठवड्यानंतरच घे, आधी घेतलंस तर ती ओळ नुसती पाठ होते.

शेवटी प्रत्येकाला चित्र काढायला सांग: उघड्या बरणीतलं पाणी आता कुठे आहे? थेट ढग काढणाऱ्या मुलाला विचार, बरणी आणि ढगाच्या मधे काय आहे. "हवेत आहे, पण दिसत नाही" असं उत्तर आलं, की बाणांची आकृती फळ्यावर काढ.

चित्रं मला पाठव.

तुझा,
सुहास