मंत्रीसाहेब, अभ्यासिकेची चावी नक्की कुणाकडे आहे?

मा. मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी नाशिकला सिडकोत राहतो, अंबडला कंपनीत मशीनवर आहे. तुमचं नाव आणि खातं मुद्दाम लिहीत नाही. दिवाळीनंतर आमच्या भागात अभ्यासिकेचा नारळ फोडायला कोण आलं होतं ते तुम्हाला माहीत आहे आणि आमच्या गल्लीलाही. तुम्ही स्टेजवरून म्हणालात की बोर्डाच्या परीक्षेआधी इथे पोरं बसलेली दिसतील. मी टाळ्या वाजवल्या, माझी दोन्ही पोरं शेजारी उभी होती, त्यांनीपण वाजवल्या.

काल संध्याकाळी तीच दोघं दप्तरं घेऊन तिथे गेली आणि परत आली. कुलूप. मुलाची बारावी 10 फेब्रुवारीला सुरू झाली, भाषेचे पेपर झालेत, आता समोर फिजिक्स आहे. मुलीची दहावी 20 तारखेपासून. मी स्वतः गेलो, खिडकीच्या काचेला हात लावून आत बघितलं. भिंतीला बारा टेबलं लावलेली, मी दोनदा मोजली, वरचं प्लास्टिकसुद्धा कुणी काढलेलं नाही. वॉचमन म्हणाला उद्घाटन झालंय पण ताबा मिळालेला नाही, चावी साहेबांकडे. कोणते साहेब ते त्यालापण माहीत नाही. आज अर्धा दिवस खाडा करून मी दोन ऑफिसं फिरलो, एकाने दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्याने पहिलीकडे. म्हणून हे पत्र.

आता आमच्या घरचं सांगतो, म्हणजे कळेल की एका टेबलासाठी माणूस एवढा का चिडतो. आमची एकच खोली, दहा बाय बारा, पुढे छोटा ओटा. चौघं राहतो. जुन्या बाजारातून आणलेलं एक टेबल आहे, तीन फूट बाय दोन. नोव्हेंबरात पोरांनी ठरवलं की अर्धं अर्धं वापरू, मध्ये खडूने रेघ मारली. तीन दिवस टिकलं. बारावीच्या गणिताचं पुस्तक आणि वही उघडी ठेवली की दीड फुटात मावत नाही. त्यात टेबलाचा एक पाय डुगडुगतो. मुलगी खोडरबर घासायला लागली की पलीकडे मुलाच्या डायग्रॅमची रेघ हलायची. तो किरणांच्या आकृत्या काढत होता, तिसऱ्यांदा रेघ वाकडी गेली तेव्हा त्याने पेन्सिल आपटली, ती रडली आणि मी दोघांवर ओरडलो. चूक कुणाचीच नव्हती.

मग दोन दोन तासांच्या पाळ्या लावल्या. त्याही चालल्या नाहीत, कारण बारावीचा फिजिक्सचा पेपर 70 मार्कांचा आणि तीन तासांचा. सराव करायचा तर तीन तास सलग बसायला हवं. दोन तासांनी उठला की शेवटची मोठी गणितं कायम राहून जायची, आणि मार्क नेमके तिथेच जातात.

मी वीस वर्षं शिफ्टमध्ये काम करतोय साहेब, शिफ्ट कशी लावायची हे मला कळतं. मग बसून तक्ता केला. तीन तासांचे सहा स्लॉट. पहाटे 5 ते 8 मुलगी, 8 ते 11 मुलगा, 11 ते 2 मुलगी, 2 ते 5 मुलगा, मग दोन तास टेबल त्यांच्या आईचं, ती साड्यांना फॉल लावते, तेवढेच दोन पैसे येतात. 7 ते 10 परत मुलगी, 10 ते 1 मुलगा. खरी भांडणं 11 ते 2 साठी होती, कारण बोर्डाचा पेपर 11 ला असतो आणि सर सांगतात त्याच वेळेला लिहायची सवय करा. तो तीन तासांचा पेपर लिहिणार, ती भूमितीचा दोन तासांचा 40 मार्कांचा, आणि दोघांना वेळ तीच हवी. शेवटी ते दोन स्लॉट एक दिवसाआड बदलायचे ठरलं.

पण तक्त्याने अर्धंच काम झालं. शिफ्ट बदलताना वेळ जातो. एकाची पुस्तकं उचला, दुसऱ्याची मांडा, पट्टी कुठे, कंपास कुठे, यात प्रत्येक वेळी वीस-पंचवीस मिनिटं जायची, मी घड्याळ लावून बघितलं. मग किराणा दुकानातून दोन खोकी आणली. प्रत्येकाचं सामान आपापल्या खोक्यात, वेळ संपायच्या पाच मिनिटं आधी आवरायला लागायचं आणि टेबल मोकळं करून द्यायचं, जसं आम्ही मशीन साफ करून पुढच्याला देतो. वहीच्या मागच्या पानावर कधी बसलो, कधी उठलो, काय राहिलं ते लिहायचं. एखादं गणित अडलं तर अर्धा तास उसना मिळेल, पण त्याच दिवशी परत द्यायचा. एकदा रात्री तिने लिहिलेलं वाचलं, "दादाला 30 मिनिटं दिली, त्याने 20 परत केली." खाली त्याने लिहिलं होतं, "तायडे, 10 उद्या पहाटे घे, मी उठवतो." आणि उठवलं पण.

हळूहळू त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली जी मला सुचली नव्हती. सगळ्या अभ्यासाला टेबल लागत नाही. इतिहास, बायोलॉजीच्या व्याख्या, कविता हे पलंगावर, जिन्यात, गच्चीवर होतं. गणितं सोडवणं, रचना, आकृत्या आणि पूर्ण पेपर लिहिणं याला टेबलच पाहिजे. जमिनीवर वाकून तीन तास लिहिलं तर मान आखडते, अक्षर बिघडतं आणि स्पीड कमी होतो. मुलाने तोच पेपर एकदा खाली बसून लिहिला, दोन प्रश्न राहिले. मग त्यांनी स्लॉट विषयावर नाही तर कामावर वाटले. ज्याला लिहायचंय तो टेबलावर, ज्याला पाठ करायचंय तो बाहेर. माझी नाइट असली की मी सकाळी आठला घरी येऊन त्याच खोलीत झोपतो, त्या आठवड्यात मोठ्याने वाचायचं सगळं जिन्यात. पायऱ्यांवर स्वेटर घालून बसायची पोरगी. जानेवारीतली नाशिकची पहाट कशी असते ते तुम्हाला सांगायला नको.

यात एकच जागा कच्ची होती, रात्री 10 ते 1. मुलगी झोपलेली असायची, म्हणून लॅम्पला पुठ्ठा लावून उजेड भिंतीकडे वळवलेला. पाठीमागे लग्नाचं लॉन आहे. नियम असा की रात्री 10 ते पहाटे 6 लाउडस्पीकर बंद, राहत्या वस्तीत रात्री 45 डेसिबलच्या वर आवाज नको. हा नियम 2000 सालचा आहे, माझ्या मुलाच्या जन्माच्या आधीचा. लॉनवर साडेअकरा वाजतात. 112 ला फोन केला की दहा मिनिटं आवाज कमी होतो आणि परत सुरू. मुलाच्या वहीत बारानंतरची पानं बघा, अक्षरं ओळीच्या खाली घसरत गेलीत, एका गणितात वजाचं चिन्ह सुटलंय आणि खालचं सगळं उत्तर चुकलंय. त्याला ते गणित येत होतं. डोळे मिटत होते.

आणि पेपर सुरू झाल्यावर रात्री एकपर्यंत जागून साडेदहाला सेंटरवर पोचणं त्याला जमेना. म्हणून रात्रीची शिफ्ट साडेअकरापर्यंत केली. म्हणजे रोजचा दीड तास गेला. तो दीड तास तुमच्या बारा टेबलांपैकी एकावर संध्याकाळी 5 ते 7 मध्ये सहज मिळाला असता, जेव्हा आमचं टेबल त्यांच्या आईकडे असतं. मी फार काय मागतोय साहेब? बांधून झालेल्या खोलीचं कुलूप काढा एवढंच.

राग येतो तो याचा की परीक्षेच्या तीन तासांसाठी तुमची सगळी यंत्रणा जागी असते. भरारी पथकं, सीसीटीव्ही, कॉपीमुक्त अभियान, शेवटी दहा मिनिटं वाढवून. चांगलं आहे, असायलाच पाहिजे. पण उरलेल्या एकवीस तासांत पोरगं कुठे बसतं हे बघायला एक पथक तरी आलंय का कधी? कॉपी पकडायला माणसं आहेत, चावी शोधायला नाहीत. ज्याच्या घरी वेगळी खोली आहे त्याचा आणि माझ्या मुलाचा पेपर एकच, वेळ एकच, मार्क एकाच यादीत लागणार, आणि पुढच्या ॲडमिशनला त्या यादीवर कुणी लिहीत नाही की हा मुलगा पाळीने बसायचा. 2027 चा कुंभमेळा आहे म्हणून गाव सगळं खणून ठेवलंय, रोज कसल्या ना कसल्या कामाच्या कोटींच्या बातम्या येतात. होऊ द्या कुंभमेळा, आमचाच आहे तो. पण त्याच गावात एका खोलीचा ताबा कुणी कुणाला द्यायचा याचा कागद तीन महिने हलत नाही, आणि नारळ फोडायची तारीख मात्र एका आठवड्यात ठरते. निवडणुकीत माझ्या दारात पाच पाच माणसं येतात, मतदार यादीत माझं नाव बरोबर सापडतं, तेव्हा कुठलाच कागद अडत नाही.

19 तारखेला शिवजयंती आहे. महाराजांची मिरवणूक निघणार, मीही जाणार. दुसऱ्या दिवशी 11 ला मुलीचा मराठीचा पहिला पेपर आहे. तेवढं रात्री 10 ला स्पीकर बंद होतील असं तुमच्या तोंडून आधी सांगा, पोरं तुमचं ऐकतात, आमचं ऐकत नाहीत. आणि अभ्यासिका परीक्षा संपेपर्यंत पहाटे 5 ते रात्री 11 उघडी ठेवा. माणूस नसेल तर आमच्या गल्लीतले आम्ही बाप लोक पाळीने बसतो, कुलूप आम्ही उघडतो, झाडू आम्ही मारतो. माझा या आठवड्याचा फर्स्ट शिफ्ट आहे, दुपारी तीननंतर मी मोकळा. चावी कुठे न्यायला येऊ तेवढं कळवा.

हे लिहिता लिहिता साडेअकरा वाजलेत. मुलाने वहीत वेळ टाकली, "काय राहिलं" याच्या खाली दोन ओळी लिहिल्या आणि आता खोकं भरतोय. पाचला मुलगी उठेल.

आपला,
दोन परीक्षार्थींचा बाप
सिडको, नाशिक