रविवारच्या तपासणी पॅकेजमध्ये काय काय आहे

सभासदांनो, रविवारी सकाळी ७ ते ९.३० या वेळेत सोसायटीच्या हॉलमध्ये आमच्या लॅबतर्फे रक्ततपासणी आहे. पॅकेजमध्ये सीबीसी म्हणजे रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची मोजणी, उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी, कोलेस्टेरॉलसाठी लिपिड प्रोफाइल, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच आहेत.

साखरेच्या दोन तपासण्या कशाला, असं बरेच जण विचारतात. राखाडी झाकणाच्या नळीतून त्या सकाळची साखर कळते. जांभळ्या झाकणाच्या नळीतून एचबीएवनसी, म्हणजे साधारण गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी. सीबीसीही त्याच नळीतून होतं आणि ते सोबत असलेलं बरंच. समजा, उपाशीपोटीची साखर ९२ म्हणजे ठीक, एचबीएवनसी ६.० म्हणजे थोडं जास्त आणि हिमोग्लोबिन ९.८ म्हणजे कमी आलं. हिमोग्लोबिन लोहाच्या कमतरतेमुळे कमी असेल तर एचबीएवनसी थोडं वर दिसू शकतं, म्हणून डॉक्टर हे आकडे एकत्र वाचतात. नुसत्या एका आकड्यापुढचा बाण बघून निष्कर्ष काढू नका. रिपोर्ट आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा.

शनिवारी रात्री जेवण लवकर उरका, मग ८ ते १० तास काही खाऊ नका. साधं पाणी जरूर प्या, शीर लवकर सापडते. चहा मात्र नको, बिनसाखरेचाही. (चहा-बिस्किटं हॉलमध्येच मिळतील, रक्त दिल्यावर!) मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर त्या सकाळच्या डोसबद्दल डॉक्टरांना आधी विचारून घ्या. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर नाव नोंदवतानाच सांगा, त्याने टीएसएचचा आकडा बदलू शकतो.

नावं शुक्रवारपर्यंत ऑफिसात द्या.