सूचना : व्हिसावरची ‘नो पब्लिक फंड्स’ ही अट

सभासदांनो, ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर आपल्या ई-व्हिसावरच्या अटी आजच उघडून नीट वाचा.

‘नो पब्लिक फंड्स’ म्हणजे ठरावीक सरकारी भत्ते घ्यायचे नाहीत. पण सगळंच बंद, असं समजून काही जणी प्रसूतीच्या रजेचा पगारही मागत नाहीत. तसं करू नका. नोकरीच्या निकषांत बसत असाल तर मालकाकडून मिळणारा स्टॅच्युटरी मॅटर्निटी पे या अटीत येत नाही. एनएचएसचे उपचार आणि मुलांची सरकारी शाळाही येत नाही.

चाइल्ड बेनिफिट हा मुलांसाठीचा सरकारी भत्ता मात्र येतो. बाळ झाल्यावर या भत्त्याची माहिती हातात पडते, म्हणून लोक सहज अर्ज भरून टाकतात. आईवडील दोघांच्याही व्हिसावर ही अट असेल तर थांबा. बाळाचा जन्म इथला असला तरी अट सुटत नाही. असा दावा पुढच्या व्हिसाच्या वेळी अंगाशी येऊ शकतो. आधीच पैसे घेतले असतील तर इमिग्रेशन वकिलाला लगेच विचारा.

नोकरी बदलताय? नव्या मालकाचं स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट घेऊन नवा अर्ज करा आणि मंजुरी येईपर्यंत तिथे रुजू होऊ नका. तोवर जुन्या नोकरीत नोटीस पिरियड पूर्ण करता येतो.