रियाधहून आई-बाबांना पत्र

रियाध, २८ जून

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

काल रात्री नीट पोचलो. खोली बरी आहे, एसी चालतो. आई, जेवणाची काळजी करू नको, सोबत निजामाबादचा एक भाऊ आहे, तो भात छान करतो.

आज पहिला दिवस पाट्या वाचण्यातच गेला. मोठ्या रस्त्यावर इंग्रजी असतं, पण गल्लीतल्या दुकानात कितीतरी ठिकाणी नुसते अरबी आकडे. बाबा, आजोबा निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले, म्हणून जमिनीचे जुने कागद पुढे घेऊन त्यांनी मला अलिफ-बे शिकवली होती. अक्षरं ओळखू येतात, म्हणून बोर्डावर ‘खतर’ लगेच वाचता आलं. वायरमनला तेवढं तरी यायलाच पाहिजे. आकड्यांनी मात्र अडवलं. उर्दूतला चार, पाच आणि सहा इथे वेगळ्या वळणाचे आहेत.

ते मी गाड्यांच्या नंबरप्लेटवरून शिकलो. इथे प्लेटवर वर अरबी आकडे आणि खाली तेच इंग्रजीत असतात. बसची वाट बघत उभा राहून एकेक जुळवत गेलो. आपल्या शून्यासारखा गोल म्हणजे पाच, शून्य म्हणजे नुसतं टिंब. इंग्रजी सातासारखा दिसतो तो सहा. सात म्हणजे वर उघडा कोन, आणि तोच उलटा ठेवला की आठ. लिपी उजवीकडून डावीकडे जाते, तरी आकडा आपल्यासारखाच डावीकडून वाचायचा. पन्नास रियालची नोट पाहून खात्री केली: अरबी बाजूला गोल आणि पुढे टिंब, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ५०.

संध्याकाळी बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, दह्याचा डबा घेतला. त्यावर तारखेच्या दोन ओळी, दोन्हींत अलिफ, नून, ते. एकीत पुढे जीम होता, ती बनवल्याची. दुसरीत ‘इंतिहा’ लागलं, म्हणजे संपण्याची. तिच्यात दोन, मग गोल. आणि महिन्याच्या जागी टिंब, मग सातासारखी खूण. आपल्या सवयीने वाचलं तर २० जुलै, म्हणजे अजून तीन आठवडे चालेल असं वाटावं. नीट वाचलं तर २५ जून. तीन दिवसांपूर्वीच संपलेलं! दुकानदाराला बोटाने तारीख दाखवली, त्याने मुकाट्याने डबा बदलून दिला.

औषधाच्या पाकिटावरही तारीख अशी येऊ शकते, म्हणून पाच आणि सहा मी आज वहीत पुन्हा पुन्हा गिरवले. खोलीतल्या भावालाही दाखवले.

बाबा, आजोबांच्या पेटीतले उर्दू कागद वाळवीपासून जपा, मी आल्यावर आपण दोघं मिळून वाचू. आई, बीपीची गोळी चुकवू नको. पगार झाला की पैसे पाठवतो. उद्या पहाटे पाचला साइटची बस आहे.

तुमचा,
बाळू